एकरी पंधरा क्विंटल आणि चौकटीबाहेरचा भाव

मे महिना सरत आला की आमच्याकडच्या फोनांवर एका ठरावीक प्रकारचे व्हिडिओ फिरू लागतात. वरून ड्रोननं टिपलेलं हिरवंगार शिवार, कमरेइतक्या सोयाबीनमध्ये उभा असलेला शेतकरी, आणि पडद्यावर पिवळ्या अक्षरांत 'एकरी १५ क्विंटल!' मुलाखत घेणारा विचारतो, बियाणं कोणतं वापरलं, बीजप्रक्रिया केली का, टोकण केली की पेरणी, फवारण्या किती झाल्या. शेतकरी मनापासून सांगत असतो. शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "तरुण शेतकऱ्यांना काय संदेश द्याल?" उत्तरही बहुतेक वेळा एकच असतं. जिद्द ठेवा, अभ्यास करा, शेतीकडे व्यवसाय म्हणून बघा, यश नक्की मिळतं.

मी लातूरला समाजशास्त्र शिकवतो. आमची थोडी कोरडवाहू जमीन औसा तालुक्यात आहे आणि ती माझा थोरला चुलतभाऊ, म्हणजे दादा, करतो. वर्गात विचारप्रणालीची चिकित्सा शिकवताना पुस्तकांतली उदाहरणं हॉलिवूडची, जाहिरातींची, युरोपातल्या कारखान्यांची असतात. ती पोरांना कळतात, पण झोंबत नाहीत. हे व्हिडिओ दाखवायला लागलो तेव्हा वर्ग हलला, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी सोयाबीन होतं. आणि त्यांनी पहिलाच आक्षेप असा घेतला की सगळा विषय त्यात आला: "सर, यात खोटं काय आहे? त्यानं खरंच पंधरा क्विंटल काढलंय."

आक्षेप बरोबर आहे. त्या व्हिडिओतलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. टोकण पद्धतीनं बियाणं कमी लागतं, झाडाला जागा मिळते, फांद्या वाढतात. रुंद वरंबा-सरीवर पाऊस जास्त झाला तर पाणी निघून जातं आणि कमी झाला तर ओल टिकते. हे सगळं शेतीशास्त्राला धरून आहे आणि मी त्याच्या विरुद्ध एक शब्द बोलणार नाही. प्रश्न असा आहे की खऱ्या वाक्यांची माळ ओवून खोटी समजूत तयार होऊ शकते का.

अशा समजुतीसाठी वापरला जाणारा 'मिथ्या जाणीव' हा शब्द मार्क्सच्या नावावर खपतो, पण त्याच्या लिखाणात तो सापडत नाही. तो आहे एंगल्सच्या एका पत्रात. मार्क्स जाऊन दहा वर्षं झाल्यावर, १४ जुलै १८९३ रोजी, एंगल्सनं फ्रांझ मेहरिंगला लिहिलं की विचारप्रणाली घडवणारा माणूस जाणीवपूर्वकच विचार करत असतो, पण त्या विचाराला ढकलणाऱ्या खऱ्या शक्ती त्याला ठाऊक नसतात. त्याला वाटतं की आपण विचारातून विचार काढतो आहोत. इथे फसवणारा कुणी बदमाश नाही, हे मला या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. व्हिडिओ करणारा पोरगा आमच्याच भागातला असतो, शेतकऱ्याचाच असतो, कृषी पदविका घेतलेला असतो आणि आपण शेतकऱ्यांचं भलं करतोय यावर त्याचा विश्वास असतो. तो खोटारडा असता तर काम सोपं होतं. खोटं उघडं पाडलं की संपलं. तो प्रामाणिक आहे म्हणूनच त्याच्या व्हिडिओची चिकित्सा करावी लागते.

यशोगाथांची अशी चिकित्सा पूर्वी झालेली आहे. फ्रँकफुर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेतला लिओ लोवेंथाल नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत गेला आणि तिथे त्यानं एक वरवर किरकोळ वाटणारं काम हाती घेतलं. 'सॅटरडे इव्हिनिंग पोस्ट' आणि 'कॉलियर्स' या खपाऊ साप्ताहिकांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९४१ पर्यंत छापून आलेली थोरामोठ्यांची चरित्रं त्यानं वाचून काढली. १९४४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शतकाच्या सुरुवातीचे नायक बहुतेक राजकारणातले, उद्योगातले, गंभीर कलांमधले होते. १९४० पर्यंत निम्म्याहून जास्त नायक करमणुकीच्या आणि खेळांच्या दुनियेतले झाले. हा निष्कर्ष सगळेच सांगतात. मला जास्त कामाचं वाटतं ते त्यानं चरित्रांच्या बांधणीबद्दल टिपलेलं निरीक्षण. नंतरच्या चरित्रांत आधी हालअपेष्टा येतात, मग एक कलाटणी येते, मग यश. या टप्प्यांच्या मधलं जग, म्हणजे बाजार, मालकी, ओळखीपाळखी, त्या काळातली मंदी किंवा तेजी, हे गळून जातं. माणूस आणि त्याचं यश एवढंच उरतं.

आमच्या व्हिडिओंत हीच बांधणी आहे. वडिलांच्या काळात एकरी चार क्विंटल व्हायचं, घरात कर्ज होतं. मग मी एका शिबिराला गेलो. आता पंधरा क्विंटल. मधलं काय गळालं ते शोधायला मी विद्यार्थ्यांना सांगतो. पोरं फार लवकर शोधतात, कारण ती शेतात राहतात. ऑगस्टमध्ये तीन आठवडे पावसानं ताण दिला तेव्हा याच्या विहिरीला पाणी होतं का? एक संरक्षित पाणी मिळालं की नाही यावर फुलोऱ्यातलं सोयाबीन तरतं किंवा शेंगा पोचट निघतात. जमीन किती? दहा एकरांतल्या एका एकरावर प्रयोग करणं वेगळं आणि दोनच एकर असताना करणं वेगळं. घरात कुणाचा पगार येतो का? पंधरा क्विंटल हे सगळ्या एकराचं वजन की चांगल्या पट्ट्यातल्या काही गुंठ्यांवरून काढलेला आकडा? व्हिडिओच्या शेवटी ज्या औषधाची बाटली दिसते, ती कुणी दिली?

पण एवढ्यानं विचारप्रणाली पकडली असं मी म्हणणार नाही. माहिती अपुरी असणं हा दोष कुठल्याही बारा मिनिटांच्या व्हिडिओत असणार. रेमंड गॉइस या तत्त्वज्ञानं १९८१ साली या गोंधळात चांगली वाट काढली. एखादी जाणीव मिथ्या आहे असं म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी म्हणत असतो, असं तो दाखवतो: तिच्यात ज्ञानाची काही चूक आहे, किंवा ती अन्याय्य व्यवस्था टिकवायच्या कामी येते, किंवा ती अशा कारणांतून उपजली आहे की ती कारणं कळली तर धरणारा ती सोडून देईल. पोरांचे सगळे प्रश्न तिसऱ्या अंगानं जाणारे होते. मला पहिल्यापासून सुरुवात करायची होती, कारण 'यात खोटं काय' हा आक्षेप तिथेच उभा आहे.

ज्ञानाची चूक अशी आहे: एकाला जे जमतं ते सगळ्यांना एकाच वेळी जमेल, असं व्हिडिओ न बोलता गृहीत धरतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव शंभराच्या पार गेले तेव्हा जुन्नर भागातल्या एका शेतकरी कुटुंबानं टोमॅटोतून कोटीच्या वर कमावल्याची बातमी देशभर झळकली. बातमी खरी होती. चॅनेलांनी त्यांच्या बागेत कॅमेरे नेले, नियोजनाचं आणि मेहनतीचं कौतुक झालं. दोन महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, नवी आवक बाजारात आली आणि भाव इतके कोसळले की महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. ओतणाऱ्यांची मेहनत कमी होती का? जुलैतल्याचं यश त्याच्या कष्टाचं होतंच, पण ते बाकीच्यांकडे त्या वेळी माल नव्हता याचंही होतं. त्याचं अनुकरण हजारांनी केलं की यशाचं कारणच नाहीसं होतं. म्हणून 'मी करून दाखवलं, तुम्हीही करा' हे वाक्य एकेकट्याला सांगितलं तर खरं असतं आणि सगळ्यांना एकदम सांगितलं तर खोटं होतं. व्हिडिओ मात्र सगळ्यांना एकदमच सांगत असतो.

सोयाबीनचं गणित टोमॅटोपेक्षा संथ आहे, पण जास्त शिकवणारं आहे. २०२४ च्या खरिपाचा दादाचा हिशोब मी त्याच्या वहीतून उतरवून घेतला. आधीच्या वर्षी त्याला एकरी सहा क्विंटल झालं होतं. त्या वर्षी त्यानं व्हिडिओ बघून टोकण केली, बीजप्रक्रिया नीट केली, आणि सात झालं. एक क्विंटलची वाढ म्हणजे सहावा हिस्सा जास्त. ही कमी नाही, आणि ती पूर्णपणे त्याच्या हातांची आहे. त्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. दिवाळीच्या तोंडावर त्याचा माल गेला ४,२०० नं.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. वाढीव एका क्विंटलनं त्याला मिळाले ४,२०० रुपये. हमीभाव आणि मिळालेला भाव यांत फरक ६९२ रुपयांचा. सात क्विंटलवर गेले ४,८४४ रुपये. म्हणजे पावसाळाभर जीव ओतून जे जास्त पिकवलं, त्याहून जास्त भावातल्या फरकानं एका सकाळी मोंढ्यात निघून गेलं. व्हिडिओ पहिल्या आकड्याबद्दल बारा मिनिटं बोलतो. दुसऱ्या आकड्याबद्दल तो बोलत नाही. उलट, पडद्यावर 'एकरी ७३ हजारांचं उत्पन्न' असं येतं तेव्हा पंधराला कितीनं गुणलंय ते तपासून पाहा: ४,८९२ नं. जो भाव मोंढ्यात मिळाला नाही, तो व्हिडिओत प्रत्येक क्विंटलला मिळालेला असतो. ४,२०० नं गुणलं तर तेच उत्पन्न ६३ हजार होतं. आणि दोन्ही आकडे ढोबळ आहेत, खर्च वजा करायच्या आधीचे.

हमीभावानं का विकलं नाही, हा प्रश्न शहरातले मित्र मला विचारतात. खरेदी केंद्रावर नोंदणी करून नंबर लागायची वाट बघावी लागते. ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला की सोयाबीन तितकं वाळत नाही. त्या वर्षी ही अट १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली, पण नोव्हेंबरच्या मध्यावर, तोवर छोट्या शेतकऱ्यांचा माल निघून गेला होता. केंद्रांवर बारदाना कमी पडला तो वेगळाच. आणि हरभरा पेरायला पैसा लगेच लागतो. "वाळवून आणा" हा सल्ला वर्तमानपत्रातून देणं सोपं आहे. तो सल्लाही भावाचा प्रश्न शेतकऱ्याच्या खळ्यावर आणून ठेवतो.

४,२०० हा आकडा आला कुठून? आमच्याकडे लोक रोज सकाळी 'प्लांटचा दर' बघतात, म्हणजे तेल काढणाऱ्या कारखान्यांनी जाहीर केलेला खरेदीचा भाव. आडतीतला भाव त्याच्या मागेमागे चालतो. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ टक्के, बाकी बहुतेक पेंड. म्हणून प्लांटचा दर दोन बाजारांवर टांगलेला असतो. तेलाचा बाजार आयात शुल्कावर चालतो: ते कमी ठेवलं की बाहेरचं तेल स्वस्त येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं शुल्क चांगलंच वाढवलं, आता भाव उठेल असं सगळे म्हणाले, पण उठला नाही, कारण पेंडीची बाजू बसलेली होती. इथेनॉलच्या कारखान्यांतून मका आणि तांदळाचा प्रथिनयुक्त चोथा मोठ्या प्रमाणात कोंबडीखाद्यात जाऊ लागला होता आणि त्यानं पेंडीची जागा खाल्ली. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरला सोयाबीन दहा हजारांपर्यंत चढलं होतं. त्याच महिन्यात केंद्रानं जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, पुढे नवी आवक सुरू झाली, आणि ऑक्टोबरपर्यंत भाव निम्म्यावर आला. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले गेले.

या निर्णयांच्या बाजूनंही बोलणारे आहेत. कोंबडीपालन करणाऱ्याला पेंड स्वस्त हवी, शहरातल्या गृहिणीला तेल स्वस्त हवं, आणि त्यांच्या गरजा खोट्या नाहीत. माझा मुद्दा इतकाच की ही माणसामाणसांतली ओढाताण आहे, कुणाला काय मिळावं याचे निर्णय आहेत, आणि मोंढ्यात ती एका आकड्याच्या रूपानं, पावसासारखी, आभाळातून पडल्यागत येते. मार्क्सनं १८६७ साली 'भांडवल'च्या पहिल्याच प्रकरणात सांगितलेली गोष्ट हीच: माणसांमधले संबंध वस्तूंमधल्या संबंधांचं रूप घेऊन समोर येतात. व्हिडिओ त्या रूपाला हात लावत नाही. भाव हे हवामान मानायचं आणि जे आपल्या हातात आहे, म्हणजे बियाणं, खत, फवारणी, जिद्द, त्यावर बोलायचं. ज्यांनी निर्णय घेतले ते चित्रातून आपोआप बाहेर जातात. गॉइसची दुसरी बाजू, म्हणजे जाणीव कुणाच्या कामी येते, ती इथे दिसते, आणि त्यासाठी कुणी कट करावा लागत नाही.

याच्या उलट दिसणारे व्हिडिओही असतात. त्यात रागावलेला माणूस आडत्याचं नाव घेऊन "यानं लुटलं" म्हणतो. वजनात काटा मारणारे, ओलाव्याच्या नावाखाली दोन किलो जास्त कापणारे आडते आहेत, त्यांना सोडू नये. पण प्लांटचा दर आडत्या ठरवत नाही. एकीकडे जिद्दी शेतकरी, दुसरीकडे लबाड आडत्या, दोन्हीकडे माणूस मिळतो आणि दोन्हीकडे पेंडीचा बाजार नजरेआड राहतो. हा दुसरा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्यात आडत्याच्या जागी एखादी जात किंवा धर्म बसवायला वेळ लागत नाही.

इथवर मी दादाच्या डोक्यात काय चाललंय हे मलाच ठाऊक असल्यासारखं लिहिलं. मिथ्या जाणिवेच्या सिद्धांतावरचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात रास्त आक्षेप हाच आहे: दुसऱ्याची जाणीव खोटी आहे हे सांगणारे तुम्ही कोण? दादाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही की चिडला नाही. म्हणाला, "तुला काय वाटलालंय, मला म्हाईत नाही व्हय? त्यो पोरगा बाटली इकायलालाय. मी टोकणीचं तेवढं घितलं. बाकीचं त्याचं त्याला लखलाभ."

माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉलनं १९७३ मध्ये हेच मांडलं होतं: कार्यक्रमात भरलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा उचलतोच असं नाही, काही जण तो उचलतात, काही घासाघीस करून हवा तेवढा घेतात, काही उलटा वाचतात. दादा घासाघीस करणारा आहे. पण मला जास्त हलवून गेलं ते लोवेंथालच्याच संस्थेतल्या अडोर्नोचं १९६९ मधलं एक रेडिओ भाषण. प्रसारमाध्यमं माणसाचं मन पुरतं व्यापून टाकतात असं आयुष्यभर म्हणणारा हा माणूस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. १९६६ साली डच राजकन्या बिएट्रिक्सचं लग्न एका जर्मन मुत्सद्द्याशी झालं तेव्हा जर्मन माध्यमांनी ते डोक्यावर घेतलं होतं. अडोर्नोच्या संस्थेनं लोकांना विचारून पाहिलं. लोकांनी सोहळा आवडीनं पाहिला होता, पण याचं राजकीय महत्त्व किती असं विचारल्यावर बऱ्याच जणांनी शांतपणे, अगदी व्यवहारी माणसासारखं, फारसं नाही असं उत्तर दिलं. एकाच माणसात ओढही होती आणि अविश्वासही. अडोर्नोनं यावरून मोकळेपणानं मान्य केलं की लोकांची जाणीव पूर्णपणे ताब्यात घेणं या उद्योगाला जमलेलं नाही.

मग दादा जर सगळं ओळखून आहे तर मिथ्या जाणीव गेली कुठे? बराच काळ मला याचं उत्तर सुचत नव्हतं. ते सुचलं एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत. समोरच्या पाहुण्यानं दादाला सहज विचारलं, "यंदा एकरी किती झालं?" आणि दादाचा आवाज उतरला. "सात," तो म्हणाला, आणि लगेच पुढे, कुणी विचारलं नसताना, "शेवटच्या पावसानं जरा घोळ केला, नाहीतर..." शेजारच्यानं नऊ सांगितलं. त्याचा आवाज मोकळा होता. दोघांचा माल एकाच आठवड्यात, एकाच मोंढ्यात, हमीभावाच्या सातशे रुपये खाली गेला होता. भाव कितीनं लागला, हे पंगतीत कुणी कुणाला विचारलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणी बघत होतो असं नाही, पण एकाच ठिकाणी बघत होतो. विचारलं तर दादा बाजाराला दोष देतो, आणि ते त्याचं खरं मत आहे. पण लाज त्याला स्वतःची वाटते. त्याची बुद्धी व्हिडिओवर विश्वास ठेवत नाही, तरी त्याची मान व्हिडिओच्या मापानं खाली जाते. माणसाची किंमत क्विंटलात मोजायची हे माप पंगतीतल्या प्रत्येकानं उचललं आहे, व्हिडिओ न बघणाऱ्यानंही. जर्मन तत्त्वज्ञ स्लॉटरडाइकनं १९८३ मध्ये लिहिलं की आता लोकांना सत्य कळत नाही असं नाही, कळूनही ते तसंच वागतात, आणि यावरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की मिथ्या जाणिवेची कल्पनाच निकालात निघाली. मला ते पटत नाही. मत खरं असूनही लाज खोट्या पत्त्यावर जाऊ शकते. विचारप्रणाली तपासायची तर माणूस काय मानतो एवढंच विचारून भागणार नाही. तो कशापायी मान खाली घालतो ते बघावं लागेल. ज्या घरांत ही लाज साठत गेली आणि एक दिवस माणूस शेताकडं गेला तो परत आलाच नाही, अशी घरं आमच्या तालुक्यात आहेत. त्यांना जिद्दीचा उपदेश करणं मला क्रूर वाटतं.

'तुम्ही कोण' या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून द्यायचं आहे. ते मला जर्मनांकडून अर्धं मिळालं आणि अर्धं जोतीराव फुल्यांकडून. चिकित्सा खरी ठरते ती तज्ज्ञानं शिक्का मारल्यानं नव्हे. ज्यांच्याबद्दल ती आहे त्यांनी मोकळेपणी विचार करून 'हो, असंच आहे' म्हटलं तर ती ठरते, असं फ्रँकफुर्टच्या त्या संस्थेतून आलेला चिकित्सक सिद्धांत सांगतो. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला १८८३ मध्ये, एंगल्सच्या त्या पत्राच्या दहा वर्षं आधी. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींच्या नावाखाली शेतकऱ्याकडून कसं काढलं जातं आणि सरकारी कारभार त्यात भर कशी घालतो, हे त्यात तपशिलानं आहे. पण छापण्याआधी त्यांनी त्यातला मजकूर पुणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांच्यासमोर ते ठेवलं. मी वर्गात आणि या लेखात जे मांडतो त्याचीही परीक्षा तिथेच व्हायला हवी.

म्हणून गेल्या वर्षी हा सगळा हिशोब मी घरातच वाचून दाखवला. दादा, वहिनी, त्यांचा पुण्याला शिकणारा मुलगा. वाढीव क्विंटलचे ४,२०० आणि भावातले ४,८४४ शेजारी आल्यावर दादा बराच वेळ कागद बघत राहिला. मुलगा म्हणाला, काका, हे रीलमध्ये टाकलं तर चालेल. मग दादानं खालचा हिशोब पुरा केला: सात क्विंटलचे २९,४००, बियाणं, खत, फवारणी, यंत्राची मळणी, बाहेरची मजुरी धरून खर्च १९,०००, हातात १०,४००.

वहिनी भाकऱ्या थापत ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "माझे रोज कुठं लिवलेत?"

दोन खुरपण्या, काढणी, गंजी लावणं. त्या एकरावर त्यांचे दहा-बारा रोज सहज झाले होते. बाईमाणसाचा रोज आमच्याकडे तीनशेच्या आसपास. बारा रोजांचे ३,६००. दादा म्हणाला, "आगं, घरचंच काम हाय की ते." त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्यात गेले असते तर पैसे आले असते की न्हाई?"

दिल्लीत हमीभावाची शिफारस करणारा आयोग खर्चाचे जे हिशोब मांडतो, त्यात घरच्या माणसांची मजुरी धरतात. एका व्यापक हिशोबात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही धरतात, आणि हमीभाव त्या व्यापक हिशोबावर द्या, अशी शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो. दादाला ती मागणी तोंडपाठ आहे. मोर्चाला तो जाऊन आलाय. पण त्याच्या स्वतःच्या वहीत तो रकाना नव्हता, आणि माझ्या कागदावरही नव्हता, कारण मी तो त्याच्या वहीतूनच उतरवला होता. यशोगाथेच्या व्हिडिओत बायको शेवटच्या दृश्यात हसत उभी असते. तिथे आणि आमच्या घरात, दोन्हीकडे, निव्वळ नफा निघतो तो तिचे रोज शून्य धरून. बाजार दादापासून जसा झाकलेला राहतो, तसंच दादाच्या हिशोबात हे झाकलेलं होतं, आणि त्याच्याकडेही उत्तर तयार होतं: घरचंच काम.

मुलानं फोन काढला आणि वजाबाकी केली. ६,८००. मग दादानं आपणहून सांगितलं, "ठोक्यानं दिलं असतं तर बारा हजार आले असते. ते बी धर." मुलानं तेही धरलं. उणे ५,२००.

"आता टाक रीलमध्ये," वहिनी म्हणाल्या. "पन माझं नाव घालून टाक."